देव तुमचा, परवानगी क्षत्रपाची: हखामनी साम्राज्यात धर्म कसा चालायचा

इराण बातम्यांत आला की एक फोटो हमखास फिरू लागतो. मक्याच्या कणसासारखा फुगीर, मातीचा भाजलेला दंडगोल आणि त्यावर बारीक खिळ्यांसारखी अक्षरं. खाली ओळ असते, ‘जगातली पहिली मानवी हक्कांची सनद’. हा सायरसचा दंडगोल. २०१३च्या डिसेंबरपासून २०१४च्या फेब्रुवारीपर्यंत तो मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होता, आणि पारशी समाजासह हजारो मुंबईकरांनी तो जवळून पाहिला. त्यामुळे ही सनदेची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही.

गोष्टीत तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. प्राचीन इराणच्या हखामनी राजांनी, म्हणजे सायरस, कँबायसिस, दार्युश आणि त्यांच्या वंशजांनी, इ.स.पू. ५५०च्या सुमारास सुरू झालेलं हे राज्य सिंधूपासून नाईलपर्यंत वाढवलं. जिंकलेल्या लोकांचे देव त्यांनी बहुतेक ठिकाणी तसेच राहू दिले. मात्र ‘सर्वांना धर्मस्वातंत्र्य’ असा कायदा त्यांनी कुठेही केला नव्हता. कोणत्या देवळात काय चालेल हे प्रांतातल्या कचेरीत ठरायचं. अर्ज, चौकशी, जुना दाखला आणि शेरा अशी त्याची वाट होती. हे कळायला दंडगोलापेक्षा इजिप्तमधल्या एका बेटावर सापडलेला अर्ज जास्त उपयोगी आहे. त्याच्याकडे येऊच, पण आधी दंडगोल.

दंडगोलावर नेमकं काय लिहिलं आहे?

इ.स.पू. ५३९मध्ये सायरसने बाबिलोन घेतलं. त्यानंतर हा मजकूर बाबिलोनच्याच भाषेत लिहून मातीच्या दंडगोलावर कोरला आणि शहराच्या बांधकामात पायाभरणीचा लेख म्हणून पुरला. १८७९मध्ये होर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननात तो सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये असतो.

मजकूर असा जातो. बाबिलोनचा आधीचा राजा नबोनिदस याने मर्दूक या शहरदेवतेची पूजा बिघडवली आणि प्रजेवर वेठ लादली. मर्दूकला राग आला. त्याने चांगला राजा शोधायला सगळे देश धुंडाळले आणि सायरसचा हात धरला. सायरस शहरात शिरला तो न लढता. पुढे टायग्रिसपलीकडच्या काही ठराविक गावांची नावं येतात. तिथल्या मूर्ती बाबिलोनमध्ये आणून ठेवलेल्या होत्या, त्या सायरसने परत पाठवल्या, त्यांची देवळं पुन्हा उभारली आणि लोकांना त्यांच्या वस्तीत परत नेलं. शेवटी विनंती येते, की या देवांनी रोज मर्दूकपाशी माझ्या आणि माझा मुलगा कँबायसिस याच्या दीर्घायुष्यासाठी शब्द टाकावा.

म्हणजे परदेशी विजेता स्थानिक देवाच्या नावाने बोलतो आहे. बाबिलोनचे नवे राजे आपल्या कारभाराची सुरुवात अशाच लेखाने करत, आणि सायरसने ती रीत जशीच्या तशी उचलली. गुलामगिरी बंद केल्याचा, कुणालाही कोणताही धर्म पाळता येईल असं सांगणारा शब्द त्यात नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या काही ‘भाषांतरां’त तसली वाक्यं सापडतात, ती मूळ मजकुरात नाहीत. ज्यूंचा उल्लेखही नाही. त्यांच्या परतीची हकीकत बायबलमध्ये येते, दंडगोलावर नाही.

तरीही लेख पोकळ ठरत नाही. यापूर्वीचे असिरियन आणि बाबिलोनी राजे हरलेल्यांच्या मूर्ती आपल्या राजधानीत आणून ठेवत, आणि मूर्ती गेली की त्या गावाची मान खाली जायची. सायरसने उलटी वाट धरली. देव परत पाठवले की पुजारी आपल्या बाजूला येतात, गाव पुन्हा वसतं आणि कर सुरू होतो. हा हिशेब त्याला कळला होता, आणि पुढच्या दोनशे वर्षांच्या कारभारात तोच पुन्हा पुन्हा दिसतो.

क्षत्रप कोण, आणि त्याच्यावर नजर कुणाची?

वर्तमानपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ हा शब्द आपण रोज वाचतो. महाराष्ट्राशी त्याचं नातं जुनं आहे. जुन्नर-नाशिक भागावर राज्य करणारा नहपान हा क्षत्रपच, आणि नाशिकच्या लेण्यांत त्याचा जावई उषवदात याचे लेख आजही वाचता येतात. पण ते इसवी सनानंतरचं. हे पद मुळात हखामनी इराणचं.

तिथे क्षत्रप म्हणजे राजाने नेमलेला प्रांताधिपती. बहुतेक वेळा तो इराणी सरदार किंवा थेट राजघराण्यातला. वसुली करणं, ठरलेला वाटा राजाकडे पोचवणं, मोठे तंटे सोडवणं, रस्ते सुरक्षित ठेवणं आणि राजाने मागितलं की सैन्य पुरवणं ही त्याची कामं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दार्युशच्या काळातल्या वीस करविभागांची यादी दिली आहे. तिच्यात टॅलंट या वजनाच्या मापाने हिशेब आहे. इजिप्तच्या विभागाकडून ७०० टॅलंट चांदी आणि वर छावण्यांसाठी धान्य येतं. किमतीने सगळ्यात मोठी वसुली भारताची, म्हणजे सिंधूकाठच्या प्रदेशाची आहे, कारण तिथून चांदी नव्हे, ३६० टॅलंट सोन्याची भुकटी येते. त्याचे आकडे जसेच्या तसे धरायला नकोत, पण रचना त्यातून कळते.

क्षत्रपाखाली छोटे प्रदेशाधिकारी असत, आणि त्यांच्याखाली गावचे पुढारी, पुजारी, जुने कायदे, जुनी भाषा. हा खालचा थर इराण्यांनी फारसा हलवला नाही. त्यांच्याकडे तेवढी माणसंच नव्हती. इजिप्तच्या प्रत्येक देवळावर इराणी अधिकारी बसवणं शक्य नव्हतं. स्थानिक पुजारी, लेखनिक आणि न्यायाधीश कामाला लावणं एवढाच मार्ग उरत होता, आणि ती माणसं त्यांच्या देवासकटच मिळत होती.

एवढा ताकदवान क्षत्रप स्वतःच राजा होऊन बसू नये म्हणून त्याच्या कचेरीत राजाचा लेखनिक असे. मोठ्या किल्ल्यांवरचे शिबंदीप्रमुखही अनेकदा थेट राजाला जबाबदार असत. हे किती टोकाला जाऊ शकत होतं हे आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसचा क्षत्रप ओरोइटिस याच्या गोष्टीतून हिरोडोटस सांगतो. ओरोइटिस डोईजड झाला होता. दार्युशने सैन्य पाठवलं नाही. बगाइओस नावाचा एकच माणूस मोहोरबंद पत्रांचा गठ्ठा घेऊन गेला. क्षत्रपासमोर तो एकेक पत्र लेखनिकाच्या हाती देत गेला आणि लेखनिक मोठ्याने वाचत गेला. राजाच्या पत्राला पहारेकरी मान देतात हे बगाइओसने आधी पारखून घेतलं. मग पत्र निघालं, की ओरोइटिसचा पहारा सोडा. पहारेकऱ्यांनी भाले खाली टाकले. पुढच्या पत्रात त्याला ठार करण्याचा हुकूम होता, आणि त्यांनी तलवारी उपसल्या.

कागदाचा हा दरारा लक्षात ठेवायला हवा. देवळांचे प्रश्नही याच यंत्रणेतून जात होते.

देवाचा शिधा आणि बांधकामाची परवानगी

राजधानी पर्सेपोलिसच्या तटबंदीत १९३३-३४ मध्ये मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. दार्युशच्या काळात कोठारातून कुणाला किती धान्य, दारू, मेंढ्या दिल्या याच्या त्या नोंदी आहेत. त्यात देवांचाही शिधा आहे. अहुर मझ्दा हा इराण्यांचा मोठा देव, आणि राजे शिलालेखांत त्याचंच नाव घेतात. पण त्याच सरकारी कोठारातून हुंबान या एलामी देवाला आणि अदद या मेसोपोटेमियातल्या देवालाही धान्य मिळत होतं. डोंगर आणि नद्यांच्या नावानेही शिधा निघे. हे सगळं इराणच्या अंतर्भागात, राजाच्या नजरेसमोर. कोणता देव खरा, कोणता खोटा याची कोठाराला पंचाईत नव्हती. पाटीवर नाव, माप आणि घेणाऱ्या पुजाऱ्याचं नाव असलं की काम झालं.

मात्र नवीन बांधकाम निघालं की सरकार दारात उभं राही. भाडेकरूच्या देवघरात कोणता देव आहे हे घरमालक विचारत नाही, पण गच्चीवर परस्पर खोली चढवली तर तो वर येऊन बघतो, तसंच काहीसं. याचा नमुना बायबलच्या एज्रा या पुस्तकात आहे. जेरुसलेमला ज्यू लोक पाडलेलं मंदिर पुन्हा बांधू लागले. तेव्हा फरात नदीपलीकडच्या प्रांताचा अधिकारी तत्तनइ तिथे पोचला. त्याने दोनच प्रश्न केले, परवानगी कुणाची आणि पुढाऱ्यांची नावं काय. काम थांबवलं नाही, पण राजाला अहवाल धाडला. ज्यूंचं म्हणणं होतं, की सायरसनेच परवानगी दिली आहे. दार्युशच्या हुकमाने दप्तर तपासलं गेलं. बाबिलोनच्या शोधानंतर नोंद मिळाली ती एकबताना या दुसऱ्या राजधानीत. उत्तर आलं, की बांधकाम होऊ द्या, खर्च त्या प्रांताच्या करातून द्या, आणि पुजाऱ्यांनी राजा व राजपुत्रांसाठी प्रार्थना करावी. दार्युशच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५१५च्या सुमारास, मंदिर पूर्ण झालं.

एज्रातली पत्रं शब्दशः अस्सल आहेत का यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पद्धत ओळखीची आहे, कारण अगदी अशाच पद्धतीचे मूळ कागद नाईलच्या बेटावर मिळाले आहेत.

येबची छावणी

इजिप्तच्या दक्षिण टोकाला, आजच्या अस्वानसमोर, नाईलच्या पात्रात एलेफंटाइन बेट आहे. त्याचं तेव्हाचं नाव येब. इथे नदीत खडकांची पहिली रांग लागते आणि पलीकडे नुबिया सुरू होतो. म्हणून हा सरहद्दीचा किल्ला. इथे इराणी सरकारची शिबंदी होती आणि तिच्यात ज्यू सैनिकांची मोठी तुकडी होती. बायकामुलांसह ती तिथे पिढ्यानपिढ्या राहत होती, सरकारी खजिन्यातून पगार आणि धान्य घेत होती, घरं विकत होती, लग्नाचे करार लिहीत होती. हे सगळं अरामी भाषेत, जी साऱ्या साम्राज्याची कचेरीची भाषा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सापडलेल्या पपायरसांमुळे या वस्तीची जमाखर्चासकट माहिती आपल्याला आहे.

त्यांचं स्वतःचं मंदिर होतं, यहूचं. यहू म्हणजे जेरुसलेममधला तोच देव. इराणी येण्याच्या आधीपासून, इजिप्तच्या राजांच्या काळापासून ते उभं होतं. त्याच्याला लागूनच खनूम या मेंढ्याचं डोकं असलेल्या इजिप्शियन देवाचं मोठं देऊळ होतं. आता अडचण पाहा. एका बाजूला मेंढा पवित्र, दुसऱ्या बाजूला वेदीवर मेंढा-बकऱ्याचं होमबलिदान. शिवाय ज्यू हे परक्या सरकारचे पगारी शिपाई. हद्दीवरून कुरबुरी होत्याच.

सण कसा पाळावा हेही क्षत्रपाच्या कचेरीला वळसा घालून जात नव्हतं. इ.स.पू. ४१९च्या एका पत्रात हनन्या नावाचा ज्यू अधिकारी येबच्या लोकांना कळवतो, की राजाकडून क्षत्रप अर्शामाला निरोप गेला आहे. पुढे पपायरस फाटलेला आहे. त्यानंतर ठरलेल्या तारखा आणि त्या दिवसांत खमीर घातलेलं काही खायचं नाही अशा सूचना येतात. वल्हांडणाच्या सणाच्या त्या सूचना आहेत असं मानलं जातं.

अर्शामा हा राजघराण्यातला माणूस. इजिप्तचा क्षत्रप म्हणून त्याने कित्येक वर्षं काढली. त्याच्या जमिनी इजिप्तमध्येही होत्या आणि बाबिलोनियातही. चामड्यावर लिहिलेली त्याची पत्रं ऑक्सफर्डमध्ये आहेत. त्यांपैकी एकात तो इजिप्तला निघालेल्या आपल्या कारभाऱ्याला वाटेतल्या ठाण्यांवर रोज किती पीठ, किती दारू किंवा बिअर आणि किती मेंढ्या द्यायच्या ते लिहून देतो. इतक्या बारीक लक्षाचा माणूस. पण इ.स.पू. ४१०मध्ये तो राजाकडे निघून गेला, आणि याच काळात घात झाला.

मंदिर कसं पडलं

हकीकत आपल्याला कळते ती ज्यूंच्या अर्जांतून, म्हणजे एका पक्षाच्या तोंडून. हे मनात ठेवून वाचायचं.

येबच्या भागावर विद्रंग नावाचा इराणी अधिकारी होता, क्षत्रपाच्या हाताखालचा. अर्जदार म्हणतात, की खनूमच्या पुजाऱ्यांनी त्याच्याशी संगनमत केलं. दुसऱ्या एका कागदात त्याला पैसे आणि माल दिल्याचा उघड आरोप आहे. विद्रंगाचा मुलगा नफइना समोरच्या काठावर, सियेनेत, शिबंदीप्रमुख होता. बापाने मुलाला पत्र पाठवलं, की येबचं यहूचं मंदिर पाडा. मुलगा सैनिक घेऊन आला. दगडी खांब फोडले, घडीव दगडांची पाच प्रवेशद्वारं पाडली, दारांच्या पितळी बिजागऱ्या, देवदाराचं छत, उरलेलं लाकूडकाम सगळं जाळलं. सोन्याचांदीची भांडी नेली.

त्या दुसऱ्या कागदात आणखी तपशील आहे. पुजाऱ्यांनी सरकारी धान्यकोठाराचा काही भाग पाडून किल्ल्याच्या मधोमध भिंत घातली आणि शिबंदीला पाणी पुरवणारी विहीर बुजवली. अर्जदार पुढे लिहितात, की प्रांतातल्या न्यायाधीशांनी, अंमलदारांनी आणि ‘ऐकणाऱ्यांनी’ चौकशी करावी, म्हणजे आम्ही सांगतो ते खरं ठरेल. हे ‘ऐकणारे’ म्हणजे सरकारी खबरे. कोठार आणि विहीर यांचा उल्लेख फार विचारपूर्वक आलेला आहे. मंदिर आमचं असेल, पण कोठार आणि शिबंदीचं पाणी राजाचं आहे. तक्रारीला सरकारी नुकसानीची जोड मिळाली की कचेरीला ती बाजूला सारता येत नाही.

अर्जाची बांधणी

ज्यूंनी आधी जेरुसलेमभोवतालच्या यहूद प्रांताचा इराणी अधिकारी बगोही आणि जेरुसलेमचा महायाजक योहानान यांना लिहिलं. उत्तर आलं नाही. तीन वर्षं ते उपास करत, अंगाला तेल न लावता, दारू न घेता, शोकाचे जाडेभरडे कपडे घालून राहिल्याचं सांगतात. मग इ.स.पू. ४०७च्या नोव्हेंबरमध्ये यदन्या या पुढाऱ्याच्या नावाने बगोहीला दुसरा अर्ज गेला. त्याचे दोन मसुदे सापडले आहेत, त्यामुळे शब्द कसे पारखून बदलले हेही पाहता येतं.

सुरुवातीला आशीर्वाद, की स्वर्गातला देव आमच्या स्वामींचं सदैव कुशल ठेवो आणि दार्युश राजापुढे त्यांना आजच्या हजारपट मान देवो. हा दार्युश दुसरा. ‘स्वर्गातला देव’ हा शब्दप्रयोगही जपून निवडलेला आहे, कारण तो इराणी अधिकाऱ्याच्या कानाला परका वाटत नाही.

मग घटना, तारखेसकट. मग दोषी कोण, तर एकटा विद्रंग. इराणी सत्तेवर बोट नाही. उलट स्पष्ट लिहिलं आहे, की हे घडलं तेव्हा अर्शामाला काहीच माहीत नव्हतं. क्षत्रपाला यातून मोकळा ठेवला की तो बाजू घेऊ शकतो.

मग सगळ्यात वजनदार मुद्दा येतो, दाखल्याचा. कँबायसिस इजिप्तमध्ये आला तेव्हा हे मंदिर उभं होतं. त्याने इजिप्तच्या देवांची देवळं पाडली, पण याला कुणी हात लावला नाही. ‘आमचा हा हक्क आहे’ असं वाक्य अर्जात नाही. ‘तुमच्याच राजाने हे मान्य केलं होतं’ असा त्याचा आधार आहे, आणि हखामनी कचेरीत चालणारा आधार हाच होता.

शेवटी मागणी आणि मोबदला. मंदिर बांधायचं पत्र द्या, त्यात पूर्वीसारखं अन्नार्पण, धूप आणि होमबलिदान होऊ द्या. आम्ही, आमच्या बायका, मुलं, इथले सगळे ज्यू तुमच्यासाठी प्रार्थना करू. यानंतर सोन्याबद्दल एक तुटक ओळ आहे, की त्याविषयी आम्ही कळवलं आहे.

असाच अर्ज यहूदच्या उत्तरेकडच्या शोमरोन प्रांताच्या अधिकाऱ्याच्या मुलांनाही, म्हणजे दलाया आणि त्याच्या भावाला, गेला होता, आणि तेही अर्जातच सांगून टाकलं आहे.

उत्तर काय आलं

उत्तर राजमुद्रेच्या फर्मानाचं नव्हतं. बगोही आणि शोमरोनचा दलाया यांनी तोंडी सांगितलेलं टिपून घेतलेलं, काही ओळींचं टिपण आहे. इजिप्तमध्ये अर्शामासमोर असं सांगा, की कँबायसिसच्या आधीपासून असलेलं आणि त्या दुष्ट विद्रंगाने पाडलेलं वेदीचं घर पूर्वीच्याच जागी बांधलं जावं, आणि त्या वेदीवर अन्नार्पण आणि धूप व्हावा.

मागितल्या होत्या तीन गोष्टी, आल्या दोन. होमबलिदान गळलं. त्यावर एक अक्षर स्पष्टीकरण नाही. कारणं अनेक सुचवली गेली आहेत. खनूमच्या शेजारी मेंढा कापणं पुन्हा दंगा पेटवेल. जनावरांचं बलिदान फक्त जेरुसलेमला व्हावं असं तिथल्या याजकांना वाटत असेल. इराणी मनाला पवित्र अग्नीत मांस जाळणं रुचत नसेल. मला पहिलं कारण सर्वांत वजनदार वाटतं. सरहद्दीच्या किल्ल्यावर शांतता हवी असेल तर भांडणाचं मूळ काढायचं आणि बाकीचं राहू द्यायचं, हा प्रशासनाचा सरळ विचार आहे.

ज्यूंनी तो मान्यही केला. आणखी एका पत्रात येबचे पाच गृहस्थ आपली नावं देऊन लिहितात, की मंदिर झालं तर तिथे मेंढा, बैल, बकरा यांचं होमबलिदान होणार नाही, फक्त धूप आणि अन्नार्पण होईल, आणि ‘आमच्या स्वामींच्या घरी’ चांदी व एक हजार अर्दब सातू पोचवू. अर्दब हे धान्याचं माप, त्यामुळे हा हिशेब हजारो लिटरच्या घरात जातो. त्याला शुल्क म्हणा की नजराणा. विद्रंगाला दिलेल्या मालाला लाच म्हणणारे लोक आपल्या देण्याला ते नाव देत नाहीत.

मग देवळं जाळली, ती कशी?

सहिष्णुतेची गोष्ट सांगितली की हा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयोनियातल्या ग्रीकांनी बंड केलं आणि ते मोडलं गेलं तेव्हा, इ.स.पू. ४९४मध्ये, दिदिमा इथलं अपोलोचं देऊळ इराण्यांनी लुटून जाळलं. ४८०मध्ये झर्क्सिसने अथेन्सच्या अक्रोपोलिसवरची देवळं जाळली. झर्क्सिसच्या एका शिलालेखात तर तो म्हणतो, की एका देशात दैवांची, म्हणजे त्याच्या मते खोट्या देवांची पूजा चालत होती, ते स्थान मी उद्ध्वस्त केलं आणि तिथे अहुर मझ्दाची पूजा केली. देश कोणता हे तो सांगत नाही.

यात एक धागा दिसतो. देवळं पडतात ती बंडानंतर किंवा युद्धात. देऊळ म्हणजे फक्त पूजेची जागा नव्हती. तिथे खजिना असे, जमिनी असत, आणि बंडाला आशीर्वादही तिथूनच मिळे. कर येतो आहे, राजासाठी प्रार्थना होते आहे तोवर देव सुरक्षित. गाव फिरलं की देवालाही शिक्षा. झर्क्सिसच्या लेखातही ही हकीकत बंडाळी शमवल्याच्या वाक्यांच्या पाठोपाठ येते. तरी त्याची भाषा आधीच्या राजांपेक्षा कडक आहे, हे झाकून ठेवू नये.

कँबायसिसचं काय? हिरोडोटस त्याला देवद्रोही वेडा ठरवतो, आणि येबचा अर्जही त्याने इजिप्शियन देवळं पाडल्याचं सांगतो. पण उद्जाहोरेस्नेत या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या पुतळ्यावरचा मजकूर वेगळा आहे. साइस इथल्या नीथ देवीच्या देवळात परकीय लोक घरं बांधून राहिले होते. त्याने कँबायसिसला विनंती केली. राजाने त्या लोकांना बाहेर काढलं, घरं पाडली, देवीचं उत्पन्न परत सुरू केलं आणि स्वतः देवीपुढे नतमस्तक झाला. दुसरीकडे, त्याने बहुतेक इजिप्शियन देवळांचं सरकारी उत्पन्न कापल्याचीही नोंद मिळते. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र जुळतं. पैसा घटवला म्हणून पुजारी चिडले आणि त्याचं नाव खराब झालं, पण ज्याच्याकडे योग्य माणूस अर्ज घेऊन पोचला त्या देवळाचं काम झालं.

ही व्यवस्था कुठे तुटायची?

येबच्या प्रकरणात तिन्ही कच्चे दुवे एकाच वेळी दिसतात. क्षत्रप जागेवर नसला की हाताखालचा अधिकारी प्रबळ होतो. नागरी अधिकारी बाप आणि शिबंदीप्रमुख मुलगा असला की दोघांनी एकमेकांवर ठेवायची नजर संपते. आणि ज्याचा शब्द वर पोचवणारा कुणी नाही त्याला तीन वर्षं थांबावं लागतं. विद्रंगाला पुढे शिक्षा झाल्याचं अर्जावरून दिसतं, पण मंदिर तोवर राखेतच होतं.

शेजाऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवं. खनूमच्या पुजाऱ्यांच्या दृष्टीने ज्यू हे परकीय सत्तेचे शिपाई होते, आणि पवित्र मेंढ्यांच्या दारात मेंढे कापत होते. त्यांचा अर्ज आपल्यापर्यंत पोचलेला नाही. क्षत्रपाच्या छत्राखाली सुरक्षित असलेला छोटा समाज स्थानिकांच्या डोळ्यांत सलतो, आणि छत्र हललं की त्याचीच बाजू आधी उघडी पडते.

मंदिर पुन्हा उभं राहिलं असावं. इ.स.पू. ४०२च्या डिसेंबरमधल्या घरविक्रीच्या एका करारात चतुःसीमा सांगताना यहूच्या मंदिराचा उल्लेख येतो. पण याच सुमारास इजिप्तने इराणविरुद्ध उठाव केला आणि उत्तरेतून अमिर्तायस राजा म्हणून पुढे आला. काही वर्षांत येबही इराण्यांच्या हातून गेलं. या ज्यू वस्तीचे कागद इ.स.पू. ३९९च्या आसपास थांबतात, आणि खनूमचं देऊळ नंतरच्या इजिप्शियन राजांच्या काळात वाढवलं गेलं.